"बघतो", "प्रयत्न करतो", "अरे येऊच की": हाउसवॉर्मिंगला नेमके किती जण येणार ते कसं काढायचं

आमच्या नव्या घराच्या वेळी २२ घरांना आमंत्रण गेलं होतं, माणसं मोजली तर ६१. आठवडा उलटला तेव्हा फक्त ९ घरांनी नीट काय ते सांगितलेलं, ७ घरं येणार म्हणजे १९ माणसं आणि २ घरं नाही म्हणजे ५ माणसं. उरलेल्या १३ मधल्या ६ घरांनी "बघतो", "प्रयत्न करतो", अंगठा, असलं काहीतरी पाठवलेलं आणि ७ घरं चिडीचूप. केटरर तर सरळ विचारतो की किती ताटं, आणि त्याला "१९ ते ५६ च्या मध्ये कुठेतरी" असं सांगता येत नाही.

आरएसव्हीपी हा शब्द छापला म्हणून लोक उत्तर देतात हा गैरसमज आहे. पण म्हणून सगळ्यांच्या मागे लागून हैराण करायचीही गरज नसते. या १३ घरांचं काय केलं ते सांगतो, कारण खरं काम तिथेच असतं. "हो, आम्ही तिघं येतोय" म्हणणाऱ्यांचा कधीच प्रश्न नसतो.

आधी तारखा उलट्या मोजून घ्या

कार्यक्रम रविवारी दुपारी होता. केटररला पक्का आकडा गुरुवारी संध्याकाळपर्यंत हवा होता (तुमच्या केटररला कधी हवाय ते त्याला आधीच विचारा, आणि त्यानंतर किती ताटं वाढवता येतील, किती कमी करता येतील हेही विचारा, वाढवणं बहुतेक वेळा जमतं पण कमी करायला ते सहसा तयार नसतात). म्हणून मी लोकांना सांगितलेली तारीख गुरुवार नव्हती तर मंगळवार रात्र होती. एक दिवस उशिरा उत्तर देणारे असतातच, त्यांच्यासाठी बुधवार मोकळा ठेवला आणि गुरुवार आपल्या बेरजेसाठी.

मंगळवारपासून अजून मागे गेलं की सोमवार-मंगळवार फोनचे, आणि त्याच्या आधीचा शुक्रवार-शनिवार पहिल्या आठवणीच्या मेसेजचा. याहून लवकर विचारू नका. तीन आठवडे आधी विचारलं तर लोकांना खरंच माहीत नसतं, मग ते "बघतो" म्हणतात आणि एकदा "बघतो" म्हटलं की आपण उत्तर दिलंय असं त्यांच्या डोक्यात बसतं, नंतर पुन्हा विचारलं की त्यांना वाटतं हा काय सारखा विचारतोय.

यादी घरांची, पण मोजणी माणसांची

वही घ्या नाहीतर फोनमधली शीट, काहीही चालेल. एका घराला एक ओळ. त्यात बोलावलेली माणसं किती, शेवटचं कधी विचारलं, पक्के किती, आणि सगळ्यात महत्त्वाचा रकाना म्हणजे त्यांनी नेमकं काय म्हटलं, त्यांच्याच शब्दांत. "येणार" असं स्वतःच्या भाषेत लिहू नका. मेसेजमध्ये "हो हो नक्की येऊ" असेल तर तेच लिहा.

हे मी आधीच्या घराच्या वेळी आपटून शिकलो. तेव्हा "हो नक्की" आलं की मी पूर्ण कुटुंब धरायचो, चौघांना बोलावलंय म्हणजे चार. पाच-सहा घरांचं असं धरलं आणि त्या दिवशी निम्म्या घरांतून एकेकटा माणूस आला, बाकीच्यांचा क्लास, बाकीच्यांची ड्युटी. कोणी खोटं बोललं नव्हतं, "आम्ही येऊ" मधलं "आम्ही" म्हणजे किती हे मीच विचारलं नव्हतं. दोन दिवस सगळ्यांनी तेच शिळं खाल्लं.

म्हणून या यादीत "पक्कं" म्हणायचा नियम एकच. त्या घरातून आकडा आला असेल आणि शक्यतो कोण कोण हेही कळलं असेल तरच ते घर पक्कं, नुसतं "हो" आलं तर ते अजून अर्धवट.

गप्प घरं: आधी बघा पोचलंय का

सात गप्प घरांना लगेच मेसेज टाकायच्या आधी मी एकेकाचं चॅट उघडून बघितलं आणि बरंच काही तिथेच कळलं. मी आमंत्रण व्हॉट्सॲपवर ब्रॉडकास्ट लिस्टने पाठवलं होतं, आणि ब्रॉडकास्ट फक्त त्यांनाच पोचतं ज्यांच्या फोनमध्ये तुमचा नंबर सेव्ह आहे. तुमच्याकडे त्यांचा असून उपयोग नाही. दोन घरांच्या चॅटमध्ये एकच टिक होती, एकाने नंबर बदललेला आणि दुसऱ्याकडे माझा नवा नंबर नव्हताच. म्हणजे ज्यांना मी मनात "साधा रिप्लायही देत नाही" म्हणून नावं ठेवत होतो त्यांना आमंत्रणच मिळालेलं नव्हतं. त्यांना आठवणीचा मेसेज गेला असता तर किती विचित्र वाटलं असतं, आधी आमंत्रणच नाही आणि वर "तुमचं उत्तर आलं नाही".

अशा घरांना फोन करून सरळ नव्याने बोलवायचं आणि चूक आपल्याकडे घ्यायची: "काका, तुम्हाला मेसेज पोचलाच नाही हे मला आज कळलं, माझीच चूक, म्हणून फोन करतोय." त्यातलं एक घर येतो म्हणालं, चौघं. दुसरं बाहेरगावी जाणार होतं, दोघं कमी.

ग्रुपवर आमंत्रण टाकलं असेल तर अजून वेगळा घोळ होतो. ग्रुपवर सगळ्यांना वाटतं दुसरा कोणीतरी उत्तर देईल, चार जण अभिनंदन लिहितात, आणि तुमचा मेसेज वर निघून जातो. मग लोक पोल टाकतात. पोल दिसायला छान पण तो फोन मोजतो, माणसं नाही. नवरा-बायको दोघंही ग्रुपमध्ये असतील तर एका घराची दोन मतं पडतात, आणि दुसरीकडे पाच जणांच्या घरातून एकच मत. शिवाय कोणी काय मत दिलं ते सगळ्यांना दिसतं, त्यामुळे ज्याला यायचं नाही तो "नाही" दाबत नाही, तो काहीच दाबत नाही. ऑफिसच्या किंवा मित्रांच्या ग्रुपवर अंदाज घ्यायला पोल ठीक, पण आकडा काढायचा तर एकेकाला वेगळा मेसेज करावाच लागतो.

आठवणीचा पहिला मेसेज

यात तीन गोष्टी लागतात. कारण, आकडा मागणारा प्रश्न, आणि नाही म्हणायला मोकळी वाट. आणि एक गोष्ट अजिबात नको, ती म्हणजे त्यांनी उत्तर दिलं नाही याची आठवण. "तुमचा अजून रिप्लाय नाही" हे वाक्य कितीही गोड लिहिलं तरी टोचतंच, आणि टोचलेला माणूस उत्तर द्यायला अजून एक दिवस लावतो.

मी मित्राला असं लिहिलं:

"अरे, पुढच्या रविवारच्या जेवणाचा आणि खुर्च्यांचा आकडा मला द्यायचाय. तुमच्याकडून किती जण धरू? मंगळवार रात्रीपर्यंत सांगितलंस तरी चालेल. आणि त्या दिवशी जमत नसेल तर बिनधास्त सांग, मग नंतर कधीतरी निवांत या घर बघायला."

आणि मोठ्यांना, म्हणजे मावशींना वगैरे:

"मावशी, नमस्कार. रविवारी सगळे दुपारी जेवायलाच आहेत, त्याची तयारी चाललीये. तुम्ही आणि काका दोघं याल ना, की ताईपण येतेय? मंगळवारपर्यंत कळवलंत तर मला सोपं जाईल. दगदग होणार असेल तर अजिबात मनात ठेवू नका, मी तुम्हाला नंतर सावकाश घेऊन येईन."

दोन्हींत प्रश्न "येताय का?" असा नाहीये, "किती धरू?" असा आहे. "येताय का" चं उत्तर "बघतो" येऊ शकतं. "किती धरू" ला माणूस आपोआप मनात मोजायला लागतो, दोन की तीन. फार लहान फरक वाटतो पण माझ्या अनुभवात निम्मं काम यानेच होतं.

शेवटचं "नंतर कधीतरी या" हे वाक्य काढू नका. हाउसवॉर्मिंगला नाही म्हणताना लोकांना वाटतं आपण त्यांच्या आनंदाला नाही म्हणतोय, म्हणून ते गप्प बसतात. घर काही पळून जात नाही, पुढच्या महिन्यातही बघता येतं, आणि हे तुम्हीच बोलून दाखवलं की "नाही" म्हणणं सोपं होतं. आपल्याला "हो" इतकंच "नाही" पण हवंय, केटररला दोन्ही सारखेच उपयोगी.

मेसेज एकेकाला टाका, संध्याकाळी घरी आल्यावर लोक मोकळे असतात तेव्हा, आणि त्याच मेसेजला आमंत्रणाचा फोटो पुन्हा चिकटवू नका, नाहीतर लोक फोटो बघून हार्ट टाकतात आणि प्रश्न राहून जातो. पत्ता हवा असेल तर लोकेशन वेगळ्या मेसेजमध्ये.

उरलेल्या पाच गप्प घरांना हा मेसेज गेला. तीन घरांचं त्याच दिवशी उत्तर आलं, एकातून दोघं, एकातून तिघं, आणि तिसरं तिघांचं घर येत नव्हतं. त्यातल्या एकाने लिहिलं की "अरे जेवण आहे हेच कळलं नव्हतं, वाटलं चहाला डोकावायचं". आमंत्रणावर मी नुसती वेळ टाकली होती, ११ पासून पुढे, जेवण आहे की नाही ते कुठेच नाही. लोक गप्प का असतात याचं कारण बऱ्याचदा असं साधं असतं, मुलांना आणायचं का, जेवून यायचं का, गाडी कुठे लावायची, भेट काय द्यायची. भेटवस्तूचं ओझं वाटत असेल असं वाटलं तर मेसेजमध्येच लिहून टाका की काही आणायचं नाहीये, नुसते या.

अर्धवट उत्तरांचं काय करायचं

आता ती सहा घरं. प्रत्येकाचं उत्तर वेगळ्या कारणाने अर्धवट होतं, म्हणून सगळ्यांना एकच मेसेज चालत नाही. आधी ओळखायचं की त्यांना काय माहीत नाहीये, किंवा काय बोलवत नाहीये.

"प्रयत्न करतो." हे ऑफिसातल्या एका सहकाऱ्याचं, एकट्याचं आमंत्रण. माझ्या मते हा दहातला नऊ वेळा सभ्य नकार असतो. पण तसं धरून बसायचं नाही, त्याला सुटायची जागा द्यायची: "तुझी त्या दिवशी धावपळ असेल तर मी सध्या तुला धरत नाही, आयत्या वेळी मोकळा झालास तर मात्र नक्की ये, चालेल ना?" पाच मिनिटांत उत्तर, "हो चालेल यार, थँक्स". बघा, सुटल्यासारखं वाटलं त्याला. शून्य लिहिलं.

"हो हो नक्की येऊ!" उद्गारचिन्हासकट, चौघांचं घर. उत्साह खरा होता पण आकडा नव्हता. इथे शंका दाखवायची नाही, आनंद दाखवून नावं घ्यायची: "मस्त! मग तू, वहिनी आणि दोघं मुलं असे चार धरतो." प्रश्न विचारण्यापेक्षा असा आकडा मांडणं जास्त चालतं, कारण चुकीचा आकडा दिसला की माणूस तो दुरुस्त करतोच. आलं उत्तर, "मोठ्याचा त्या दिवशी क्लास आहे रे, तीन धर". 

"ह्यांना विचारून सांगते." दोघांचं घर. हे टाळणं नसतं, खरंच विचारायचं असतं, आणि मग विसरायला होतं. इथे तारीख त्यांच्याकडूनच घ्या: "हो हो, विचार निवांत. सोमवारी संध्याकाळी मी फोन करू का, तोपर्यंत कळेल?" त्या हो म्हणाल्या की तुमच्या फोनला परवानगी मिळाली, मग तो तगादा राहत नाही. सोमवारी फोन केला, दोघं येतोय म्हणाल्या.

नुसता अंगठा. तिघांचं घर. अंगठा म्हणजे हो नाही, "वाचलं" एवढंच. मी पुन्हा तेच केलं, "तीन धरू का तुमच्याकडचे?" उत्तर आलं दोन, वहिनी माहेरी होत्या.

"थोडा वेळ डोकावून जाऊ." चौघं. हे उत्तर खरं तर अर्धवट नाहीच, पण दोन गोष्टी उघड्या ठेवतं, कधी आणि जेवणार का. "डोकावून" म्हणणारे लोक जेवायच्या वेळेला आले तर त्यांना आग्रह होतोच आणि मग ती चार ताटं होतात. म्हणून विचारलं, "जेवायच्या वेळेला याल की त्यानंतर? त्याप्रमाणे बघतो". ते म्हणाले दुसरीकडे जेवण आहे, चारच्या सुमारास येऊ. म्हणजे खुर्च्यांत चार, ताटांत शून्य. यासाठी यादीत जेवणारे आणि नुसते येणारे असे दोन रकाने असावेत.

"आम्ही सगळे येतोय." चौघांना बोलावलं होतं, पण हा "सगळे" मोठा धोक्याचा शब्द. फोन केला आणि सहज नावं घेतली, "म्हणजे तू, भाऊजी, आई-बाबा". पलीकडून आलं, "आणि नणंद आलीये ना राहायला, ती आणि तिची मुलगी". सहा. नाही म्हणायचा प्रश्नच नव्हता आणि म्हणू पण नये, पाहुणे घरी असताना कोणी त्यांना टाकून कसं येईल. पण हे रविवारी दारात कळण्यापेक्षा सोमवारी फोनवर कळलेलं बरं. घर खरंच लहान असेल आणि वाढीव माणसं झेपणार नसतील तर तेही आत्ताच बोलता येतं, "जागा अगदी बेताची आहे गं, तुम्ही चौघं या दुपारी आणि त्या दोघींना संध्याकाळी घेऊन ये ना निवांत".

असंच एक घर चार घरांचं उत्तर देतं, म्हणजे मोठे काका सांगतात "आमच्याकडून दहा जण". अशा वेळी आभार माना, पण दहा कोण ते विचाराच. एकच माणूस तुमच्या यादीत दोनदा मोजला जातो, एकदा काकांच्या दहामध्ये आणि एकदा त्याच्या स्वतःच्या उत्तरात.

फोन कोणाला आणि कसा

मेसेजचं उत्तर दोन-तीन दिवसांत आलं नाही तर तसाच दुसरा मेसेज पाठवण्यात अर्थ नाही, त्याने फक्त वाचूनही गप्प राहायची सवय पक्की होते. फोन करा. आणि वयाने मोठ्या माणसांना तर मेसेजच्या आधीच फोन केलेला चांगला, त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना मेसेज म्हणजे बोलावणंच वाटत नाही, "फोन पण केला नाही पोराने" हे नंतर चार ठिकाणी ऐकू येतं.

फोनवर आधी तब्येत-पाणी, मग घराचं थोडं, आणि मग आकडा. पण आकडा विसरून फोन ठेवू नका, हे माझं दोनदा झालंय, वीस मिनिटं गप्पा आणि ठेवल्यावर लक्षात आलं की येणार का तेच विचारलं नाही. शेवटी एकदा बोलून पक्कं करा: "मग काकू, तुम्ही दोघं, साडेबारापर्यंत, असं लिहून ठेवतो." फोन ठेवल्यावर लगेच यादीत भरा, संध्याकाळी भरू म्हटलं तर तीन फोनची सरमिसळ होते.

आवाजावरून पण कळतं. पलीकडचा माणूस अडखळला, "बघू... तसं अवघड आहे..." म्हणाला तर आकड्याच्या मागे लागू नका. घरात आजारपण असेल, कोणी गेलं असेल, पैशाची ओढाताण असेल, किंवा त्या कार्यक्रमाला येणाऱ्या दुसऱ्या कोणाशी बोलणं बंद असेल. "काही हरकत नाही, तुमच्यासाठी दार कधीही उघडं आहे" एवढं म्हणायचं, शून्य लिहायचं आणि विषय बदलायचा.

शेवटचा मेसेज, आणि मग थांबायचं

मंगळवारी संध्याकाळी दोन घरं अजून गप्प होती, एक दोघांचं आणि एक तिघांचं, दोघांनीही फोन उचलला नव्हता. त्यांना एकच शेवटचा मेसेज:

"फोन लागला नाही म्हणून लिहितोय. उद्या आकडा देतोय, सध्या तुम्हाला जेवणात धरलेलं नाही, म्हणजे तुमच्यावर काही दडपण नको. यायचं जमलं तर उद्या दुपारपर्यंत एक शब्द टाका, लगेच धरतो."

यात राग नाही, पण गप्प राहिलं तर काय होईल ते स्वच्छ सांगितलंय. आमंत्रण, एक आठवण, एक फोन आणि हा, झालं. यापुढे गेलात तर आपणच चिकट वाटायला लागतो, आणि तसंही ज्याला चार वेळात सांगता आलं नाही त्याचं पाचव्यांदा आलेलं "हो" कितपत धरायचं हा प्रश्नच आहे.

आता बेरीज

बुधवार रात्रीची वही अशी होती. सुरुवातीलाच पक्के १९. गप्प घरांमधून ४, २ आणि ३ म्हणजे ९. अर्धवट उत्तरांमधून ३, २, २ आणि ६ म्हणजे १३. जेवणारे पाहुणे एकूण ४१. त्याशिवाय चार वाजता येणारे ४, आणि अजून गप्प ५.

आणि इथे जवळपास सगळे जी चूक करतात ती म्हणजे स्वतःला विसरतात. आम्ही घरचे ४, मदतीला दिवसभर येणारे २. म्हणजे ४१ अधिक ६, ४७. पाहुण्यांच्या यादीत आपलं नाव नसतं ना, म्हणून राहून जातं.

राहिली गोष्ट राखीव ताटांची. गप्प असलेल्या ५ जणांना मी धरलं नाही, पण केटररला ५० सांगितले, म्हणजे तीन जास्त. तीनच का, तर गप्प घरांपैकी मोठं घर तिघांचं होतं, त्यातलं एक घर न सांगता आलं तरी निभावेल. दोन्ही घरं आली तर? तर पक्क्या ४१ मधून कोणीतरी आयत्या वेळी गळतंच, एवढ्या घरांत कोणाला ताप, कोणाकडे पाहुणे. पण हे गणित मोठ्या संख्येलाच लागू होतं. तुम्ही एकूण १०-१२ जणांनाच बोलावलं असेल तर एक चौघांचं घर इकडचं तिकडे झालं की सगळंच बदलतं, तिथे अंदाज चालत नाही, एकूण एक घराचं उत्तर मिळवावंच लागतं, सुदैवाने तीन-चारच फोन असतात.

४१ मध्ये ८ लहान मुलं होती. त्यांचं पूर्ण ताट धरायचं की अर्धं हे प्रत्येक केटररचं वेगळं असतं, म्हणून आकडा देताना "५०, त्यात ८ लहान" असं फोडून सांगा आणि तो कसं धरतो ते विचारा. आकडा बोलून दिला तरी मेसेज करून ठेवा.

खुर्च्यांचं गणित वेगळं. तिथे एकूण किती येणार यापेक्षा एका वेळी किती असणार ते बघायचं, आणि नवं घर म्हटलं की सगळे खोल्या बघत हिंडतात, दारात चपलांचा ढीग, म्हणून गर्दी आहे त्यापेक्षा जास्त वाटते. फोनवर वेळ विचारून घेतली होती ती इथे कामाला आली. साधारण २४ पाहुणे दुपारी बाराच्या आसपास येणार होते आणि १७ जण दीडनंतर. थोडी सरमिसळ धरून मी ३० खुर्च्यांची सोय केली. सगळेच एका वेळेला येतोय म्हणाले असते तर मी चार-पाच जवळच्या घरांना सरळ विनंती केली असती की तुम्ही जरा उशिरा या म्हणजे निवांत बोलता येईल, जवळचे लोक अशा गोष्टीचं वाईट वाटून घेत नाहीत.

शनिवारी संध्याकाळी फक्त पक्क्या घरांना एक मेसेज गेला, लोकेशन, कितवा मजला, गाडी कुठे लावायची. त्यात "येताय ना?" हे पुन्हा विचारलं नाही. पुन्हा विचारलं की पक्क्या माणसालाही वाटतं अजून ठरवायला वाव आहे. नुसतं "उद्या भेटू" लिहिलं की ज्याचं काही बदललंय तो आपण होऊन कळवतो. आणि तसंच झालं, एका तिघांच्या घरातून रात्री मेसेज आला की मुलाला ताप आहे, येत नाही. ४१ चे ३८ झाले.

रविवारी दुपारी एक वाजता बेल वाजली, दारात ते गप्प असलेलं तिघांचं घर, हातात भलंमोठं रोपटं. "अरे सरप्राइज द्यायचं होतं!" म्हणे. ३८ चे पुन्हा ४१ झाले, ताटं होती.